एकाच मेंबरचा फोर्स हवा असेल तर ट्रस कुठून कापायचा, आणि झिरो मेंबर नुसतं बघून कसे ओळखायचे

प्रश्न: सर मी नाशिकलाच डिप्लोमाला आहे. पेपरात ट्रसच्या एकाच मेंबरचा फोर्स विचारतात आणि मी एका टोकापासून जॉइंट सोडवत बसतो, मध्येच कुठेतरी साइन चुकते आणि पुढचं सगळं चुकतं. सेक्शन मेथडमध्ये नेमकं कुठून कापायचं ते कसं ठरवतात? आणि झिरो फोर्स मेंबर आमचे सर दोन सेकंदात सांगतात, मला दिसतच नाहीत. शिवाय फोर्सच नाही तर ते मेंबर लावतात कशाला?

उत्तर:

मी अंबड, सातपूर, सिन्नर पट्ट्यात शेडची डिझाइनं करतो, वीसेक वर्षं झाली, त्यामुळे उदाहरण शेडचंच घेतो. कागद-पेन्सिल घे आणि मी सांगतो तसं चित्र काढ, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

१२ मीटर स्पॅनचा ट्रस, उंची दीड मीटर, खाली २-२ मीटरचे सहा पॅनल. खालच्या जॉइंटना डावीकडून ख०, ख१, ख२ असं ख६ पर्यंत नाव दे. वरचे जॉइंट व१ ते व५, म्हणजे व१ हा ख१ च्या बरोबर डोक्यावर, व२ हा ख२ च्या. दोन्ही टोकांना तिरपे मेंबर, ख० ते व१ आणि व५ ते ख६. वरचे सगळे जॉइंट एका आडव्या रेषेत जोड, खालचेही तसेच, त्या आडव्या मेंबरना कॉर्ड म्हणतात. प्रत्येक व पासून सरळ खाली एक उभा मेंबर. मधले तिरपे असे की वरून मध्याकडे उतरतात, व१ ते ख२, व२ ते ख३, आणि उजवीकडून व५ ते ख४, व४ ते ख३. प्रॅट ट्रस म्हणतात तो हाच. पॅनल २ आणि उंची १.५ मुद्दाम घेतलंय, तिरपा बरोबर २.५ येतो, म्हणजे उभा घटक ०.६ आणि आडवा ०.८, कॅल्क्युलेटर लागत नाही.

लोड वरच्या जॉइंटवर, कारण पर्लिन तिथे बसतात. ट्रस ५ मीटरवर एक, पर्लिन २ मीटरवर, म्हणजे एका जॉइंटच्या वाट्याला १० चौरस मीटर छप्पर. पत्रा, पर्लिन, ट्रसचं वजन आणि लाइव्ह लोड मिळून १.२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरलं तर जॉइंटला १२ किलोन्यूटन. पाच जॉइंट, एकूण ६०, दोन्ही सपोर्टला ३०-३०. टोकाचा पर्लिन थेट कॉलमवर जातो, तो सोडून दे.

आता समज विचारलंय व२-ख३ या तिरप्याचा फोर्स सांगा. तुझ्या पद्धतीने गेलास तर ख०, ख१, व१, ख२ आणि मग व२, पाच जॉइंट, दहा समीकरणं, आणि ख० ला साइन चुकली की ती शेवटपर्यंत तुझ्यासोबत येणार. चुकतोस ते तू कच्चा आहेस म्हणून नाही, रस्ताच लांबचा धरलाय.

कापायचं कुठून याचं उत्तर साधं आहे. जो मेंबर हवाय तो कापला गेला पाहिजे आणि ट्रसचे पूर्ण दोन तुकडे झाले पाहिजेत, आणि शक्यतो तीनच अनोळखी मेंबर कापले गेले पाहिजेत कारण प्लेनमध्ये तुझ्याकडे समीकरणं तीनच आहेत. इथे ख२ आणि ख३ च्या मधून उभी रेघ मारली की वरचा व२-व३, तिरपा व२-ख३ आणि खालचा ख२-ख३ कापले जातात. उजवा तुकडा आता विसरून जा, हाताने झाकूनच टाक. डाव्या तुकड्यावर उरलं काय तर सपोर्टचे वर ३०, व१ वर खाली १२, व२ वर खाली १२, आणि तीन कापलेल्या मेंबरचे तीन बाण. ते तिन्ही बाण तुकड्यापासून दूर जाणारे काढायचे म्हणजे सगळे टेन्शन धरायचे, न विचार करता. उत्तर मायनस आलं तर कॉम्प्रेशन, बस. काही पोरं आधीच अंदाज बांधतात की हा कॉम्प्रेशन असेल, बाण उलटा काढतात आणि नंतर मायनस आल्यावर गोंधळतात की मायनस कॉम्प्रेशन म्हणजे नक्की काय. तो धंदा करूच नकोस.

आता खरी गंमत. तीन अनोळखी आहेत पण तुला एकच हवाय, मग बाकीचे दोन मारायचे कसे? बाकीचे दोघं जिथे एकमेकांना छेदतात त्या बिंदूभोवती मोमेंट घ्यायचा, दोघांचाही मोमेंट तिथे शून्य, समीकरणात एकटा तुझा मेंबर राहतो. जर्मनीत या पद्धतीला रिटरचा छेद म्हणतात आणि त्या माणसाची सगळी युक्ती एवढीच आहे.

खालचा ख२-ख३ हवा असेल तर बाकीचे दोघं, वरचा आणि तिरपा, व२ ला भेटतात. मग व२ भोवती मोमेंट. सपोर्टचे ३० तिथून ४ मीटरवर, १२० झाले, व१ चे १२ उलट्या दिशेने २ मीटरवर, २४ वजा, राहिले ९६. व२ वरचं १२ त्याच बिंदूतून जातं म्हणून त्याचा मोमेंट नाही. ९६ भागिले उंची १.५, उत्तर ६४ टेन्शन. वरचा व२-व३ हवा असेल तर बाकीचे दोघं ख३ ला भेटतात. ख३ हा तुझ्या तुकड्यात नाही, उजव्या तुकड्यात गेलाय, तरी चालतं, मोमेंटचा बिंदू कागदावर कुठेही असू शकतो, अगदी ट्रसच्या बाहेर हवेत सुद्धा. ३० गुणिले ६ वजा १२ गुणिले ४ वजा १२ गुणिले २, १०८ येतात, भागिले १.५ म्हणजे ७२, आणि साइन मायनस, कॉम्प्रेशन.

तिरपा मात्र वेगळा. त्याच्या बाबतीत बाकीचे दोघं म्हणजे वरचा आणि खालचा, आणि ते तर समांतर, भेटतच नाहीत. मग मोमेंट नको, त्या दोघांना उभा घटकच नाही म्हणून सरळ उभ्या दिशेची बेरीज कर. वर ३०, खाली १२ आणि १२, वर ६ शिल्लक. तिरपा टेन्शन धरलाय म्हणजे तो व२ ला खाली उजवीकडे ओढतो, उभा घटक ०.६ पट. ०.६ पट बरोबर ६, म्हणजे फोर्स १० टेन्शन. झालं, पाच जॉइंटच्या ऐवजी एक ओळ.

चेक फुकटात मिळतो, आडवी बेरीज आपण वापरलीच नाही. ६४ अधिक १० चे ०.८ पट म्हणजे ८, अधिक मायनस ७२, शून्य. जमलं. पेपरात एकच मेंबर विचारला असला तरी वेळ असेल तर तिन्ही काढून हा चेक मारत जा. साइटवर आम्ही अजून एक झटपट चेक करतो, ट्रसला बीम समजायचं. जॉइंटला १२ आणि जॉइंट २ मीटरवर म्हणजे मीटरला ६ किलोन्यूटन, मध्याचा मोमेंट ६ गुणिले १२ चा वर्ग भागिले ८, १०८ येतो, भागिले उंची, ७२. वरच्या कॉर्डच्या फोर्सशी तंतोतंत जुळतं. कोणी प्रिंटआउट घेऊन आला आणि त्यात इथे ७२ च्या जागी १५० दिसले तर मी बाकीची पानं उलटतच नाही.

आता एक जागा जिथे निम्मा वर्ग आपटतो. समज उभा व२-ख२ विचारला. उभी रेघ मारून तो कापला जात नाही, रेघ तिरकी न्यावी लागते, वर व१-व२ मधून, मग उभ्यातून, खाली ख२-ख३ मधून. तीनच कापले गेले, छान. आता डाव्या तुकड्यात ख२ आहे पण व२ नाही, तो उजवीकडे गेला. मग व२ वरचं १२ कोणाचं? उजव्या तुकड्याचं. डावीकडे वर ३०, खाली फक्त व१ चे १२, शिल्लक १८ वर, म्हणून उभा मायनस १८, कॉम्प्रेशन. सवयीने जो व२ चं १२ पण वजा करतो त्याला मायनस ६ मिळतात. आणि हे मायनस ६ सुद्धा एका प्रश्नाचं बरोबर उत्तर आहे, लोड वर नसून खालच्या जॉइंटवर असतं तर. तेव्हा डाव्या तुकड्यात ख१ आणि ख२ दोघांचं लोड येतं, ३० वजा २४. म्हणून रेघ मारल्यावर आधी प्रत्येक लोडचा बाण बोटाने दाखवायचा की हा डावा, हा उजवा, आणि मगच समीकरण लिहायचं. एवढ्यावर मार्क जातात रे, मेथड येत नाही म्हणून क्वचितच.

आता झिरो मेंबर. तुझे सर दोन सेकंदात सांगतात कारण ते मेंबरकडे बघतच नाहीत, जॉइंटकडे बघतात. तू मेंबरकडे बघून विचार करतोस की हा कामाचा वाटतो की फालतू, तसं कधीच दिसणार नाही.

आपल्याच ट्रसचा ख१ बघ. तिथे तीन मेंबर येतात, डावीकडून ख०-ख१, उजवीकडून ख१-ख२, हे दोघं एका रेषेत, आणि तिसरा उभा व१-ख१. जॉइंटवर बाहेरचं लोड नाही, सपोर्ट नाही. उभ्या दिशेने ढकलणारा ओढणारा तो एकटाच, त्याच्या विरोधात उभं राहायला कोणी नाही, मग तो शून्यच. तिसरा मेंबर काटकोनातच पाहिजे असंही नाही, तिरका असला तरी चालतो, दोघं एका रेषेत असले की त्या रेषेला काटकोनात असलेल्या दिशेत तो एकटा पडतो. दुसरी केस म्हणजे जॉइंटला फक्त दोन मेंबर, एका रेषेत नसलेले, लोड नाही, तर दोघंही शून्य. आणि तिचाच भाऊ, दोन मेंबर आहेत पण लोड त्यातल्या एकाच्या रेषेत आहे, मग तो एक सगळं लोड घेतो आणि दुसरा शून्य. हा शेवटचा पोरांना आठवत नाही, आणि चौकोनी टोकाच्या ट्रसमध्ये कोपऱ्यावर नेमका तोच येतो, उभ्या पोस्टच्या डोक्यावर लोड, पोस्ट सगळं घेतो, आडवा शून्य.

चुका दोनच होतात. एक, सपोर्टचा जॉइंट विसरतात. ख० ला दोनच मेंबर दिसतात म्हणून दोन्ही शून्य लिहून मोकळे, अरे खाली ३० ची रिअॅक्शन आहे तिथे, ते लोडच झालं. दुसरी, लोड बघत नाहीत. व३ बघ, तिथेही दोन वरचे एका रेषेत आणि तिसरा उभा व३-ख३, चित्र ख१ सारखंच, फक्त उलटं. पण डोक्यावर १२ बसलेत, म्हणून उभ्यात १२ चं कॉम्प्रेशन. आता हेच लोड सगळं खालच्या जॉइंटवर टांग, फॉल्स सीलिंग समज. ख१ चा उभा एकदम १२ टेन्शनमध्ये गेला आणि व३-ख३ शून्य झाला. ट्रस तोच, एक वेल्डही बदलला नाही. गंमत म्हणजे कॉर्ड आणि तिरपे सगळे जसेच्या तसे राहतात, फक्त उभे बदलतात. तेव्हा अमुक मेंबर झिरो आहे असं म्हणायचंच नाही, अमुक लोडखाली झिरो आहे म्हणायचं.

एक झिरो सापडला की तो चित्रातून खोडायचा आणि शेजारचे जॉइंट परत बघायचे, साखळी सुटते कधी कधी. साधा उतरत्या छपराचा ट्रस घे, ८ मीटर, चार पॅनल, तीन उभे, आणि दोन तिरपे जे राफ्टरच्या मध्यापासून खालच्या मध्य जॉइंटला येतात. लोड फक्त माथ्यावर एक. खालच्या पहिल्या जॉइंटला उभा शून्य. तो खोडला की राफ्टरच्या मधल्या जॉइंटला राफ्टरचे दोन तुकडे एका रेषेत आणि तिरपा एकटा, तो पण शून्य. उजवीकडे तसंच. मग खाली मध्यावर दोन कॉर्ड आणि मधला उभाच उरला, तो पण गेला. आतले पाचही मेंबर शून्य, उरले दोन राफ्टर आणि खालची टाय. यात आकडेमोड शून्य.

पण नजरेचीही हद्द आहे. परत आपल्या प्रॅट ट्रसवर ये आणि लोड फक्त व२ आणि व४ वर ठेव, १२-१२. ख१, ख५ चे उभे शून्य, व३ वर लोड नाही म्हणून व३-ख३ पण शून्य, हे दिसतं. तो खोडल्यावर ख३ ला दोन कॉर्ड आणि दोन तिरपे, चार मेंबर, तिथे कुठलाच नियम लागत नाही. नजरेने इथे थांबावं लागतं. आता मघासारखा ख२-ख३ मधून काप. डावीकडे वर १२, व२ चे खाली १२, शिल्लक काहीच नाही, म्हणजे तिरपा व२-ख३ सुद्धा शून्य, आणि उजवीकडचा पण. जॉइंट बघून हा कधीच दिसला नसता, शीअर बघून एका ओळीत दिसला. म्हणून मी आधी नजरेने खोडतो, मग कापतो.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, लावतात कशाला. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या शेडमध्ये, असाच ट्रस, एक्झॉस्टचा डक्ट आडवा न्यायचा होता आणि तो नेमका टोकाच्या उभ्यामध्ये येत होता, व१-ख१. फॅब्रिकेटरने ग्राइंडरने तो उभा कापला. मी बोंबललो तर त्याने माझीच शीट काढून दाखवली, साहेब तुम्हीच इथे ० लिहिलंय. आणि लिहिलं होतं, खरंच, मेंबर फोर्सच्या कॉलममध्ये.

ते शून्य छपराच्या वजनाखालचं होतं. पण वादळी वारा पत्र्याला वर उचलतो, शेड एका बाजूने उघडी असेल तर अजूनच, आणि हलक्या पत्र्याच्या छपराला वजनापेक्षा वाऱ्याची उचल जास्त भरू शकते. मग सगळं उलटं होतं, वरचा कॉर्ड टेन्शनमध्ये आणि खालचा, जो बिचारा आयुष्यभर ताणात होता, तो कॉम्प्रेशनमध्ये. उभ्याचा फोर्स तेव्हाही शून्यच येतो हं, लोड वरच आहे ना. पण कॉम्प्रेशनमधला बारीक मेंबर दबून मोडत नाही, मध्येच वाकून बाहेर पडतो, आणि किती लोडला वाकणार ते लांबीच्या वर्गावर असतं. उभा असताना खालचा कॉर्ड २ मीटरवर धरलेला होता. उभा गेल्यावर ख० ते ख२ सलग ४ मीटर, लांबी दुप्पट, म्हणजे बारीक मेंबरची ताकद जवळपास चौथा हिस्सा.

त्या शेडमध्ये कॉर्डला ५० × ५० × ६ चे दोन अँगल पाठीला पाठ लावलेले होते. ट्रसच्या प्लेनमध्ये त्यांचा रेडियस ऑफ जायरेशन १५.१ मिलिमीटर. २००० भागिले १५.१, स्लेंडरनेस १३२ च्या आसपास. ४००० केलं की २६५. आयएस ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत फक्त वारा किंवा भूकंपामुळे कॉम्प्रेशनमध्ये जाणाऱ्या मेंबरला २५० ची हद्द आहे. म्हणजे फोर्स किती हे न बघताच तो कॉर्ड नापास. हे फक्त ट्रसच्या प्लेनमधलं झालं, बाजूला वाकायला हा उभा काही करत नाही, त्यासाठी खालच्या कॉर्डला लाँजिट्यूडिनल टाय वेगळे लागतात. शिवाय रोजच्या दिवसांत हा उभा कॉर्डचं स्वतःचं वजन उचलून झोळ पडू देत नाही, तो फोर्स इतका किरकोळ की जॉइंटला लोड धरताना आपण मोजतही नाही. आणि उद्या मालकाने ख१ ला एक टनाचा चेनब्लॉक टांगला तर त्याच उभ्यात १० किलोन्यूटनच्या आसपास टेन्शन येणार, तेव्हा तो झिरो कुठला.

फॅब्रिकेटरला हे स्लेंडरनेस वगैरे सांगून उपयोग नव्हता. त्याची स्टीलची फूटपट्टी घेतली, टेबलावर उभी धरून वरून दाबली, लगेच कमान झाली. मग त्याच्याच पोराला म्हटलं मध्ये दोन बोटांनी नुसती धर, जोर लावू नको, आणि परत दाबली. पोरगा म्हणाला बोटाला तर काहीच लागत नाही. डक्ट दोन फूट खाली घेतला आणि त्याच संध्याकाळी उभा परत वेल्ड झाला, गसेट दोन्ही बाजूंनी. त्यानंतर माझ्या शीटवर शून्याच्या पुढे मी हाताने लिहितो, कापू नये.